पानावरची चौकट, चौकटीतला डाग

प्रतिमा ओळखणारे मॉडेल आणि प्रतिमेतली वस्तू शोधणारे मॉडेल यांतला फरक गेल्या आठवड्यातल्या भागात पाहिला. पहिले मॉडेल सगळा फोटो बघून ‘हा रोग’ एवढेच सांगते. दुसरे फोटोत डाग कुठे आहे ते दाखवून त्याभोवती चौकट काढते. त्यालाच ऑब्जेक्ट डिटेक्टर म्हणतात. त्याला शिकवायचे तर आधी माणसांनी हजारो डागांभोवती चौकटी काढून द्याव्या लागतात. हे काम नेमके कसे चालते, ते नाशिकच्या द्राक्षावर पाहू.

द्राक्षाच्या पानांचे फोटो फुकट मिळतात, हा पहिला मोह. डेव्हिड ह्यूज आणि मार्सेल सालाते यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘प्लांटव्हिलेज’ संग्रहातले ५४,३०६ फोटो संशोधकांनी वापरले आहेत. त्यांत १४ पिके आणि २६ रोग आहेत. एकट्या द्राक्षाचेच फोटो चार हजारांवर आहेत. पण ते उघडून पाहिले की त्यांत ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी पाने एवढेच प्रकार सापडतात. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराची झोप ज्या दोन रोगांनी उडते, ते डाऊनी आणि भुरी, त्या यादीत नाहीतच. या संग्रहावर तयार केलेल्या मॉडेलला डाऊनीचे पान दाखवले, तर उत्तर चुकण्याखेरीज त्याला गत्यंतर नाही.

दुसरी अडचण अधिक छुपी आहे. या संग्रहातली पाने तोडून साध्या, एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत. २०१६ साली याच फोटोंवर शिकलेल्या मॉडेलने बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. इतरत्र टिपलेले फोटो दिल्यावर ती सुमारे ३१ टक्क्यांवर आली. २०२२ मध्ये एका संशोधकाने याचे कारण खोदून काढले. त्याने प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ पिक्सेल घेतले. पान नाही, डाग नाही, नुसता मागचा रंग. तेवढ्यावरही ३८ प्रकारांपैकी योग्य प्रकार ४९ टक्के वेळा ओळखता आला. नुसत्या अंदाजाने ठोकले असते तर तीन टक्केही जमले नसते. एकेका रोगाचे फोटो एकाच बैठकीत, एकाच उजेडात काढले गेले की असे घडते. मॉडेल रोगाऐवजी ती बैठक ओळखू लागते.

म्हणून फोटो बागेत जाऊन, वेलीवरच काढायला हवेत. समजा, एक कृषी पदवीधर, दोन संगणकाचे विद्यार्थी आणि काही बागायतदार यांनी गोडी छाटणीनंतर हे काम हाती घेतले. डाऊनीचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, छाटणीनंतर पाऊस लांबला की, कोवळ्या फुटीवर दिसतो. भुरी पुढे, ढगाळ आणि कोरड्या हवेत, दाट कॅनोपीच्या सावलीत वाढते. गटाने रोग दिसेल तसे फोटो काढले, तर डाऊनीचे सगळे फोटो कोवळ्या, पोपटी पानांचे आणि भुरीचे सगळे जुन्या, गडद, धुळकट पानांचे होतील. इथे पार्श्वभूमीची जागा पानाच्या वयाने घेतलेली असेल. उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे: ज्या दिवशी ज्या बागेत रोगट पान टिपले, त्याच दिवशी त्याच बागेतली त्याच वयाची निरोगी पानेही टिपायची. सोबत बागेचा क्रमांक, वाण, छाटणीनंतरचा दिवस आणि शेवटची फवारणी कशाची झाली, याची नोंद ठेवायची.

फवारणीची नोंद का, हे भुरीच्या पानाजवळ उभे राहिल्यावर कळते. गंधकाची फवारणी झालेल्या पानावर वाळलेल्या थेंबांचे पांढुरके ठिपके राहतात, आणि बोर्डो मिश्रणाचा निळसर थर पडतो. भुरीही पांढरीच. बागेत माणूस बोट फिरवून किंवा पान तिरपे धरून फरक करतो. फोटोत बोट फिरवता येत नाही. म्हणून फवारणीच्या डागांची, पण रोग नसलेली पाने मुद्दाम गोळा करावी लागतात आणि ती एकही चौकट न काढता मॉडेलला द्यावी लागतात. ‘हे पांढरे दिसते, पण हे ते नव्हे’ असे मॉडेलला सांगण्याचा सोपा मार्ग हाच.

डाऊनीची गोष्ट वेगळी. पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर, तेलकट डाग दिसतो. पांढरी बुरशी येते ती खालच्या बाजूला, कारण द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रे खाली असतात आणि बुरशी तिथून बाहेर पडते. त्यासाठी तिला अंधार आणि जवळजवळ संपृक्त दमट हवा लागते. त्यामुळे ती सकाळी ताजी दिसते आणि ऊन तापले की सुकते. दुपारी बाराला बागेत गेलेल्या गटाला पानाखाली फारसे काही दिसणार नाही. प्रत्येक पानाचे वरून आणि खालून असे दोन फोटो, तेही सकाळी लवकर, हा नियम इथून येतो.

तरीही तेलकट डाग डाऊनीचाच, हे ठरवायचे कोणी? सुरुवातीच्या डागावर तज्ज्ञांतही मतभेद होतात. द्राक्षवाल्यांकडे यावर एक जुनी, बिनखर्चाची परीक्षा आहे. फोटो काढून झाल्यावर तेच पान तोडायचे, ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि रात्रभर अंधारात ठेवायचे. सकाळी डागाच्या खाली पांढरी लव आली, तर डाऊनी नक्की. नाही आली, तर मात्र ‘डाऊनी नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. डाग जुना असेल किंवा बुरशीनाशकाने मारलेला असेल, तरी लव येत नाही. अशा फोटोला ‘शंकास्पद’ असा शेरा देऊन बाजूला ठेवणे बरे. सगळ्या पानांवर ही परीक्षा शक्य नसते, पण निदान मॉडेलची अंतिम चाचणी ज्या फोटोंवर होणार आहे, त्यांच्यावर ती व्हायलाच हवी.

आता कॅमेऱ्याचे अंतर. फोनचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो, पण पुष्कळ डिटेक्टर तो आत घेताना ६४० पिक्सेलपर्यंत आक्रसतात. गटातल्या कोणी दूर उभे राहून ६० सेंटिमीटर रुंदीची कॅनोपी टिपली, तर ८ मिलिमीटरचा डाग मूळ फोटोत सुमारे ५३ पिक्सेलचा असतो आणि आक्रसल्यावर जेमतेम साडेआठ पिक्सेलचा उरतो. त्यात पोत दिसत नाही, नुसता पिवळा ठिपका दिसतो. हेच अंतर कमी करून फोटोत २० सेंटिमीटर बसवले, तर तो डाग २५ पिक्सेलच्या वर राहतो. शेतकरी पुढे फोन किती अंतरावर धरणार, ते आधी ठरवून त्याच अंतरावर फोटो जमवावेत. दूरचे फोटो हवेच असतील, तर त्यांचे तुकडे करून ते स्वतंत्रपणे द्यावे लागतात.

फोटो जमले की चौकटींचे काम सुरू होते. एका चौकटीची नोंद बहुतेक वेळा अशी एका ओळीत लिहिली जाते:

```
0 0.30 0.25 0.10 0.10
```

पहिला आकडा प्रकाराचा, म्हणजे इथे डाऊनीचा. पुढचे दोन चौकटीच्या मध्याचे आणि शेवटचे दोन तिच्या रुंदी-उंचीचे, सगळे फोटोच्या मापाच्या प्रमाणात. ४००० बाय ३००० च्या फोटोत ही चौकट ४०० बाय ३०० पिक्सेलची झाली आणि तिचा मध्य डावीकडून १२०० व वरून ७५० पिक्सेलवर आला. हे लिहिण्याचे कष्ट सॉफ्टवेअर घेते. भांडणे होतात ती चौकट कुठे काढायची यावर.

दोन विद्यार्थ्यांना एकच पान दिले, तर एक जण जुळत आलेल्या तीन डागांभोवती एक चौकट काढतो, दुसरा तीन काढतो. एक जण पिवळी कडा आत घेतो, दुसरा सोडतो. दोघांच्या चौकटींचा सामाईक भाग भागिले दोघांनी मिळून व्यापलेला भाग, असे माप काढले की मतभेद आकड्यात दिसतो. १०० पिक्सेलची चौकट १० पिक्सेल सरकली तर हे माप ०.८२ राहते. ३० पिक्सेलची तेवढीच सरकली तर ते ०.५० वर येते. म्हणजे लहान डागांवर हाताची थरथरही महाग पडते. यावर लेखी नियमच लागतो: दोन डागांमध्ये हिरवा भाग दिसत असेल तर दोन चौकटी, नाही तर एक; पिवळी कडा नेहमी आत. पहिल्या काही दिवसांत प्रत्येकाने तेच फोटो स्वतंत्रपणे करायचे, फरक कुठे पडतात ते बघायचे आणि नियम दुरुस्त करायचे.

चौकट हाच आकार हवा असेही नाही. अमेरिकेत मक्याच्या नॉर्दर्न लीफ ब्लाइटसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात १८,२२२ फोटोंवरच्या १,०५,७०५ डागांची नोंद आहे आणि तिथे प्रत्येक डागाच्या लांबीवर एक रेघ ओढली आहे. मक्यावरचे हे डाग सिगारसारखे लांबट असतात. पान तिरपे असेल, तर चौकटीत डागापेक्षा निरोगी पानच जास्त येईल. द्राक्षावरचे डाग गोलसर, तिथे चौकट चालते.

प्रकार किती ठेवायचे, यात घाई करू नये. डाऊनीची वरची बाजू आणि खालची बाजू दिसायला इतकी वेगळी, की नोंद करताना त्यांचे दोन प्रकार ठेवणेच शहाणपणाचे. नंतर ते एकत्र करणे मिनिटाभराचे काम आहे, पण एकत्र नोंदलेले वेगळे करायचे तर सगळे फोटो पुन्हा उघडावे लागतात.

सर्वांत महागडी चूक मात्र न काढलेल्या चौकटीची असते. डिटेक्टरच्या हिशेबी चौकटीबाहेरचे सगळे ‘निरोगी’. एका पानावरच्या नऊ डागांपैकी कंटाळून पाचांवरच चौकटी काढल्या, तर उरलेल्या चार जागी ‘इथे रोग नाही’ असाच धडा मॉडेलला मिळतो. मागच्या अंधूक पानांवरच्या डागांचे काय करायचे, हेही म्हणूनच आधी ठरवावे लागते. अशा संग्रहावर शिकलेले मॉडेल जे शोधते ते बरोबर असते, पण पुष्कळ डाग सोडून देते. टांझानियातल्या शेतात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कसाव्याच्या ७२० रोगट पर्णिकांवर फोनमधला डिटेक्टर तपासला, तेव्हा ठळक लक्षणे असलेल्या फोटोंवरही त्याचा एकत्रित गुण ३२ टक्क्यांनी घसरला. कारण हेच, डाग निसटणे. तिथे ते कशामुळे निसटले हा वेगळा विषय, पण द्राक्षाच्या गटाला असा निकाल दिसला, तर त्याने प्रथम स्वतःच्या चौकटी तपासाव्यात: मॉडेलने दाखवलेले आणि नोंदीत नसलेले डाग एकेक उघडून पाहावेत. त्यांतले बरेच खरे डागच निघाले, तर दोष नोंदींचा.

शेवटी फोटोंची वाटणी. सगळे फोटो पिसून पाचवा हिस्सा चाचणीला ठेवला, तर एकाच पानाचा वरचा फोटो शिकवणीत आणि खालचा चाचणीत जातो. एका जागी उभे राहून टिपलेल्या चार फोटोंचेही तेच. वाटणी फोटोंची नव्हे, बागांची करायची: दोन-तीन बागा पूर्णपणे बाजूला, शक्यतो वेगळ्या गावातल्या, वेगळ्या वाणाच्या आणि वेगळ्या फोनने टिपलेल्या. बागेचा क्रमांक पहिल्या दिवसापासून नोंदला नसेल, तर ही वाटणी नंतर करता येत नाही. पुढच्या भागात या बाजूला ठेवलेल्या बागांवर मॉडेल चालवून निकाल कसे वाचायचे ते पाहू.