एकच फी, दोन हिशेब

मालेगावातले दोन शेजारी घेऊ. एक नाशिकच्या कंपनीत पगारावर आहे, दुसऱ्याचे स्वतःचे यंत्रमाग आहेत. पहिल्याने खिशातून ४०,००० रुपये भरून क्लाउडचं सर्टिफिकेट मिळवलं. दुसऱ्याने तेवढ्याच पैशात आपल्या कारागिराला रॅपियर मागाचं प्रशिक्षण दिलं. मार्चअखेर दोघंही पावती घेऊन कर सल्लागाराकडे जातात.

पगारदाराच्या पावतीचा उपयोग शून्य. पगारातून प्रमाणित वजावट मिळते ती ठरावीकच: नव्या करपद्धतीत ७५,०००, जुन्या पद्धतीत ५०,००० रुपये. नोकरीसाठी तुम्ही प्रत्यक्ष किती खर्च केला, हे कायदा विचारतच नाही. कलम ८०सीमधली शिक्षण फी मुलांची, स्वतःची नव्हे. जुन्या पद्धतीत ८०ई खाली शैक्षणिक कर्जाचं व्याज वजा होतं, पण फी होत नाही. मला ही सरळसरळ असमानता वाटते.

मागवाल्याचा खर्च मात्र धंद्याचा. १९६१ च्या कायद्यातल्या कलम ३७(१)ची अट अशी की खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी हवा, खासगी किंवा भांडवली नको. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, कसोटी तीच राहिली. त्याचं उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर ४०,००० वर उपकरासह ८,३२० रुपये कर वाचतो. पण तो वह्या ठेवत असेल तरच. उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवण्याची अंदाजित योजना घेतली असेल, तर सगळा खर्च त्या टक्केवारीतच धरलेला असतो आणि प्रशिक्षणाची वेगळी वजावट उरत नाही.

खरी अडचण घरच्या माणसाला शिकवताना येते. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सकाळ पेपर्स’ खटल्यात व्यवस्थापकीय संचालकांची मुलगी कंपनीत शिकाऊ होती. तिच्या अमेरिकेतल्या शिक्षणाचा खर्च मुंबई उच्च न्यायालयाने धंद्याचा मानला. पुढे ‘हिंदुस्थान होजिअरी’ खटल्यात त्याच न्यायालयाने भागीदाराच्या मुलाच्या परदेशी शिक्षणाचा खर्च नाकारला. नातं असल्याने वजावट जात नाही, पण शिक्षणाचा धंद्याशी संबंध दाखवावा लागतो. तो माणूस आधीपासून कामावर आहे का, तो जे शिकतो ते चालू धंद्यालाच लागतं का, परतल्यावर काम करण्याचा लेखी करार आहे का, हे तपासलं जातं. अजून सुरूच न झालेल्या व्यवसायासाठी घेतलेली पदवी या कसोटीवर टिकणं कठीण.

पगारदारालाही एक वाट आहे: फी कंपनीने भरणं. कामासाठी आवश्यक प्रशिक्षणाचा खर्च कंपनीला वजा करता येतो आणि तो सहसा कर्मचाऱ्याच्या पगारातला करपात्र लाभ म्हणून धरला जात नाही. त्यासाठी बिल कंपनीच्या नावावर हवं आणि प्रशिक्षण कामासाठी असल्याचं पत्र हवं. म्हणून फी भरण्याआधीच मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. एकदा स्वतःच्या कार्डावरून पैसे गेले की विवरणपत्रात त्यांना जागा नाही.