कोयनेचं पाणी सहा स्लाइडमध्ये

कोयना जलविद्युत प्रकल्पाची संपूर्ण आकृती एकदम पडद्यावर आली, की सभागृहातली प्रत्येक नजर वेगळीकडे जाते. कुणी धरण शोधतं, कुणी मेगावॅटचे आकडे वाचतं, आणि बऱ्याच जणांना एकच प्रश्न पडतो: चौथा टप्पा तिसऱ्याच्या वर कसा? तोवर वक्ता शिवसागर जलाशयाबद्दल चार वाक्यं बोलून गेलेला असतो. ती कुणाच्या कानावर धड पडलेली नसतात, कारण वाचताना ऐकणं फारसं जमत नाही. म्हणून अशी आकृती तुकड्यातुकड्यांनी उलगडावी लागते, आणि आधी ठरवावा लागतो तो उलगडण्याचा क्रम.

कोयनेत हा क्रम पाणीच सांगतं. सह्याद्रीच्या पूर्वेला शिवसागरात अडवलेलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवलं आहे. ते पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात पडतं. तिथे पहिला आणि दुसरा टप्पा आहे. तिथून सुटलेलं अवजल कोळकेवाडी धरणात साठतं, त्यावर अलोऱ्याचा तिसरा टप्पा चालतो आणि शेवटी पाणी वाशिष्ठी नदीला मिळतं. चौथा टप्पा पुढे 1999 मध्ये लेक टॅपिंग करून पुन्हा शिवसागरातूनच काढला, त्यामुळे त्याचं पाणीही कोळकेवाडीलाच येतं. टप्प्यांचे आकडे बांधणीच्या क्रमाचे आहेत, उताराच्या क्रमाचे नाहीत. ही एक गोष्ट श्रोत्यांना उमगली, की आकृती समजली.

त्यासाठी सहा स्लाइड पुरतात. पहिलीवर फक्त डोंगराचा छेद, उजवीकडे वर शिवसागर आणि डावीकडे खाली वाशिष्ठी. पश्चिम डावीकडे ठेवली की नकाशाची सवय असलेल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. दुसरीवर बोगदा आणि पोफळी, तिसरीवर कोळकेवाडी, चौथीवर अलोरे आणि वाशिष्ठीपर्यंतचा बाण. पाण्याचा एक प्रवास इथे पुरा होतो, म्हणून इथे जरा थांबावं. पाचवीवर नजर पुन्हा वर शिवसागराकडे न्यायची असते, आणि अवघड जागा हीच. इथे आधीचं सगळं राखाडी करावं आणि चौथ्या टप्प्याची वाट तेवढी गडद निळी ठेवावी. आधीचं पुसून मात्र टाकू नये; नवा बाण कोळकेवाडीला येऊन मिळतो हे दिसण्यासाठी कोळकेवाडी तिथे असावीच लागते. सहावीवर धरण पायथ्याचं छोटं विद्युतगृह येतं. त्याचं पाणी उलट, पूर्वेला कोयनेच्याच पात्रात जातं, म्हणून ते शेवटी.

या स्लाइड पहिलीपासून पुढे रचत गेलं, तर पाचवीपाशी हमखास अडचण येते. नव्या बोगद्याला जागा उरत नाही, मग पोफळी थोडी सरकवावी लागते, आणि सादरीकरणात बटण दाबताच सगळं विद्युतगृह टुणकन उडी मारतं. डोळा हलणाऱ्या गोष्टीकडे धावतो. नवीन काय आलं ते राहूनच जातं. म्हणून काम उलटं करावं. आधी पूर्ण आकृती नावं आणि आकड्यांसकट पक्की करावी. मग ती स्लाइड निवडून Ctrl+D ने तिच्या पाच प्रती काढाव्यात. शेवटची आहे तशी ठेवावी, पाचवीतून पायथ्याचं विद्युतगृह काढावं, चौथीतून त्यासोबत चौथा टप्पाही, असं करत पहिलीपर्यंत यावं. उरलेली प्रत्येक वस्तू मग जागच्या जागी राहते. राखाडी रंग देण्याचं काम त्यानंतरचं.

तपासणी सोपी आहे. पूर्ण पडद्यावर लावून बाणाच्या कळीने भराभर पुढे-मागे जावं. जे स्थिर असायला हवं ते थरथरलं, तर ते सरकलेलं आहे. लांबलेल्या मथळ्याने दुसरी ओळ धरली किंवा स्लाइड बदलताना सरकण्याचा परिणाम लावलेला असला, तरी असंच दिसतं. तो परिणाम काढूनच टाकावा.

हेच एका स्लाइडवर ॲनिमेशनने करता येतं, आणि दुरुस्तीला ते सोयीचंही आहे. प्रतींमध्ये एखादं नाव चुकलं तर ते सहा ठिकाणी सुधारावं लागतं. तरीही माझा कौल प्रतींनाच. ॲनिमेशनची फाइल PDF केली की सगळे टप्पे एकाच पानावर एकदम येतात, आणि दुसऱ्याच्या संगणकावर आयत्या वेळी PDF च उघडावी लागणं नेहमीचंच आहे. शिवाय कुणी मध्येच ‘कोळकेवाडी पुन्हा दाखवा’ म्हटलं, तर तिसऱ्या स्लाइडवर थेट जाता येतं.

बोलताना आधी बटण दाबावं, नवीन आलेल्या भागाचं नाव घ्यावं, क्षणभर थांबावं आणि मगच त्याविषयी सांगावं. सहाही स्लाइडवर क्रमांक एकच ठेवला, तर प्रश्न विचारणाऱ्याचा घोळ होत नाही. छापून वाटायच्या कागदावर मात्र फक्त शेवटची स्लाइड घ्यावी, आणि तिथे राखाडी केलेले सगळे भाग पुन्हा मूळ रंगात आणावेत. कागद हातात घेऊन बसलेल्याला 1,960 मेगावॅटचा सगळा प्रकल्प एका नजरेत हवा असतो.