बोललेलं सारं म्हणजे पायऱ्या नव्हेत

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात सोयाबीनचा हिशेब वहीतून काँप्युटरवर आणायचा म्हटलं, की बहुतेकांच्या हाती आधी एखादा लांबलचक व्हिडिओ येतो. तो सारखा थांबवत शिकणं अवघड जातं, म्हणून कुणीतरी त्यातल्या बोलण्याचा उतारा काढतं आणि त्याला क्रमांक देतं. नवशिका मात्र तिसऱ्या पायरीवरच अडतो. त्यामागे चार गैरसमज आहेत. आपण लिब्रेऑफिस कॅल्कमधला एक छोटा हिशेब घेऊन ते तपासू.

गैरसमज १ : उतारा हाती आला की व्हिडिओ पाहायची गरज नाही.

वस्तुस्थिती : आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे पाठ असतात. त्यांची संहिता दोन रकान्यांत लिहितात: एकात बोलायचं वाक्य, दुसऱ्यात त्या वेळी पडद्यावर घडणारी कृती. आपल्या हातातल्या उताऱ्यात यातला फक्त बोलण्याचा रकाना असतो. समजा, शिक्षक म्हणतात, “आता इथं बरोबरचं चिन्ह, मग हे गुणिले हे, आणि खाली ओढायचं. अरे, शून्य आलं! थांबा, डॉलर द्यायचा राहिला.” यातलं ‘इथं’ म्हणजे C2 हा सेल, पहिलं ‘हे’ म्हणजे B2 आणि दुसरं E1, हे फक्त पडद्यावर दिसतं. म्हणून उताऱ्यात ‘इथं’, ‘हे’, ‘असं’ हे शब्द आधी अधोरेखित करा. मग व्हिडिओ तिथं थांबवून सेलचं किंवा बटणाचं नेमकं नाव लिहा.

गैरसमज २ : एक वाक्य म्हणजे एक पायरी.

वस्तुस्थिती : वरच्या पहिल्याच वाक्यात सेल निवडणं, सूत्र टाइप करणं आणि ते खालच्या सेलमध्ये उतरवणं, अशा तीन कृती आहेत. उलट “या सूत्राचा रोज उपयोग होतो” या वाक्यात एकही नाही. त्यामुळे वाक्यं मोजू नका, हाताने काय केलं ते मोजा. एका पायरीत एकच कृती ठेवा आणि तिच्यानंतर पडद्यावर काय दिसायला हवं, तेही लिहा. आपण चुकलो की नाही, हे नवशिक्याला त्यावरूनच कळतं.

गैरसमज ३ : शिक्षकाची चूक उताऱ्यात आली तर ती आहे तशी ठेवावी, नाहीतर पूर्ण पुसावी.

वस्तुस्थिती : आहे तशी ठेवली तर नवशिका आधी चुकीचं सूत्र टाकतो. पूर्ण पुसली तर तीच चूक त्याच्या हातून झाल्यावर त्याला उपाय सापडत नाही. इथं शिक्षकांनी आधी हे लिहिलं होतं:

```
=B2*E1
```

ते खाली ओढल्यावर C3 मध्ये `=B3*E2` झालं. E2 रिकामा, म्हणून उत्तर शून्य. `$` लावला की E1 जागेवरून हलत नाही. म्हणून पायऱ्यांमध्ये थेट बरोबर सूत्र द्या आणि चूक ‘तपासा’ म्हणून शेवटी जोडा. B2, B3, B4 मध्ये 10, 15 आणि 8 क्विंटल वजन आधीच भरलेलं आहे, असं धरून तयार पायऱ्या अशा होतील:

१. E1 मध्ये दर 4000 टाइप करून Enter दाबा. E1 मध्ये 4000 दिसेल. (दर उदाहरणापुरता.)

२. C2 वर क्लिक करा. त्या सेलभोवती जाड चौकट दिसेल.

३. पुढील सूत्र टाइप करून Enter दाबा. C2 मध्ये 40000 दिसेल.

```
=B2*$E$1
```

४. पुन्हा C2 वर क्लिक करा. चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात छोटा चौकोन दिसेल.

५. तो चौकोन माऊसने धरून C4 पर्यंत ओढा. C3 मध्ये 60000 आणि C4 मध्ये 32000 दिसेल.

तपासा : C3 मध्ये 0 आला, तर सूत्रातला `$` राहिला आहे. पायरी २ पासून पुन्हा करा.

गैरसमज ४ : वाचून बरोबर वाटलं की काम झालं.

वस्तुस्थिती : लिहिणाऱ्याने व्हिडिओ पाहिलेला असतो, त्यामुळे गाळलेली पायरी तो मनातल्या मनात भरून घेतो. ‘वजन आधीच भरलेलं आहे’ ही अट अशीच निसटते. कोरी शीट उघडा, व्हिडिओ बंद करा आणि फक्त कागदावर लिहिलं तेवढंच करा. नंतर व्हिडिओ न पाहिलेल्या माणसाला बसवा आणि काही न सांगता शेजारी थांबा. त्याचा हात जिथं थांबेल, तिथं एक पायरी कमी आहे किंवा एखाद्या पायरीत दोन कृती कोंबल्या आहेत.

कागदावर सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्तीही लिहा, कारण नव्या आवृत्तीत बटणांच्या जागा बदलू शकतात. प्रत्येक पायरीसमोर व्हिडिओतला मिनिट-सेकंद नोंदवा, म्हणजे अडलेल्याला तेवढाच भाग पाहता येईल. पुढच्या वेळी उतारा हाती आला की क्रमांक घालण्याआधी शेजारी एक रिकामा रकाना आखा आणि पडद्यावर काय घडलं ते त्यात भरा. पायऱ्या त्या रकान्यातूनच निघतात.