दोन फुटांचा जिना

तळमजला अधिक चार मजले, एक जिना, लिफ्ट नाही. डोंबिवलीत अशा शेकडो इमारती आहेत आणि मी त्यांतल्याच एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. जिन्यातलं आणि लॉबीतलं सामान हटवण्याचं पत्र आमच्या फाइलमध्ये जवळजवळ प्रत्येक कमिटीने लिहिलेलं सापडतं. ‘सभासदांना कळविण्यात येते की सार्वजनिक जागेत सामान ठेवू नये, अन्यथा कारवाई करण्यात येईल.’ वाक्य तेच, खालच्या सह्या बदललेल्या. सामानही तिथेच. ही पत्रं एकापाठोपाठ एक वाचली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यांत एकाही वस्तूचं नाव नव्हतं. ‘सामान’ म्हटलं की वाचणाऱ्याला शेजाऱ्याचं सामान आठवतं. स्वतःचा चपलांचा स्टँड त्याला सामान वाटतच नाही.

म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी खजिनदार आणि मी मोजपट्टी घेऊन गच्चीपासून खाली उतरलो. वरून सुरुवात करायला कारण होतं. ज्या जागेवरून रोज कोणी जात नाही तिथे सर्वांत जास्त साठतं, आणि गच्चीच्या दाराबाहेरचा चौक ही तशी जागा. तिथे काय होतं? गणेशोत्सवाच्या मंडपाचे बांबू, मागच्या रंगकामातले ऑइल पेंटचे अर्धवट डबे, उरलेल्या फरशांचे खोके, जुन्या टाकीचं झाकण. यातलं काहीही कुठल्या सभासदाचं नव्हतं. सगळं सोसायटीचं होतं.

आधी तेच हलवलं. बांबू कंपाउंडच्या भिंतीला बांधले, चांगल्या फरशा दुरुस्तीसाठी पंपरूमच्या कोपऱ्यात गेल्या, रंगाचे डबे आणि झाकण बाहेर गेलं. सोसायटीचा पसारा जागेवर ठेवून सभासदांना पत्र दिलं, तर पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि तो योग्यच असतो.

मग एकेक मजला. दुसऱ्या मजल्याचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण पत्राचा सगळा जोर त्यातून आला. तिथला पॅसेज भिंतीपासून कठड्यापर्यंत चार फूट, म्हणजे ४८ इंच. एका बाजूला चपलांचा लाकडी स्टँड, खोली १४ इंच. समोर कठड्याला लागून कुंड्या, त्यांचे १० इंच. उरले २४ इंच. चार फुटांची वाट दोन फुटांची झाली होती. दोन्ही घरांना ती अडचण वाटत नव्हती, कारण प्रत्येकाने अडवलेली जागा एका फुटाच्या आसपासचीच होती. वाट अडली होती ती दोघांच्या बेरजेने, आणि ही बेरीज कोणाच्याच दारातून दिसत नाही.

दोन फुटांतून एक माणूस सरळ जाऊ शकतो. खाली येणारा आणि वर जाणारा एकाच वेळी जाऊ शकत नाहीत. आगीच्या वेळी नेमकं हेच लागतं: रहिवासी उतरत असतात आणि अग्निशमन दलाचे जवान पाइप घेऊन चढत असतात. दुसरी गोष्ट स्ट्रेचरची. १०८ ची रुग्णवाहिका दाराशी आली तरी चौथ्या मजल्यावरच्या रुग्णाला उचलूनच खाली आणावं लागतं. स्ट्रेचरची लांबी माणसाच्या उंचीहून जास्त असते आणि तो वळवावा लागतो जिन्याच्या मधल्या चौकात. तिथे भिंतीला टेकवलेली सायकल असेल तर स्ट्रेचर उभा-तिरपा करावा लागतो, आणि छातीत दुखणाऱ्या किंवा मांडीचं हाड मोडलेल्या रुग्णाला तसं करता येत नाही.

आगीचं गणितही जिन्यातच आहे. धूर तापलेला असतो, तो वर चढतो, आणि जिना त्याच्यासाठी धुराड्याचं काम करतो. आग तळमजल्याला लागली तरी वरचे मजले आधी धुराने भरतात. आमचे विजेचे मीटर, अनेक जुन्या इमारतींसारखे, जिन्याखालीच आहेत. त्यांच्याशेजारी पुठ्ठ्याचे खोके, जुनी गादी आणि एका विजेच्या स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. गादीतला फोम आणि चपलांमधलं रबर, प्लास्टिक जळलं की दाट काळा, विषारी धूर होतो. अशा आगीत ज्वाळा पोचण्याआधी माणसं धुराने गुदमरतात. अग्निशामक नळकांडी वेळेवर भरून घेतली, तपासणीचा कागद फाइलला लावला, तरी त्याने वाट मोकळी होत नाही.

फेरीत एक गोष्ट अशीही दिसली जिला सामान म्हणणं मला जमलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या चौकात एक प्लास्टिकची खुर्ची. विचारल्यावर कळलं, चौथ्या मजल्यावरच्या आजी बाजारातून येताना तिथे दम खातात, आणि आता इतर ज्येष्ठही बसतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ही गरज खरी आहे. कमिटीत यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं की खुर्ची काढायची आणि त्या जागी, सोसायटीच्या खर्चाने, भिंतीला घडीची बैठक बसवायची, जी माणूस उठल्यावर आपोआप भिंतीला लागते. हे पत्रात आधी लिहिलं, मनाईची कलमं नंतर.

सेक्रेटरीला एकट्याच्या अधिकारात फार काही करता येत नाही, आणि तसं करूही नये. कमिटीच्या सभेत ठराव झाला, इतिवृत्तात नोंदला गेला, त्याचा क्रमांक पत्रावर आला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत जिना, पायऱ्या, चौक, पॅसेज या जागा कोणत्याही सभासदाला स्वतःसाठी अडवता येत नाहीत असं स्पष्ट आहे. अडवल्यास जागा मोकळी करायची, आणि जितके महिने अडवली तितक्या महिन्यांसाठी दरमहा मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम भरायची, अशी तरतूद आहे. कलमाचा क्रमांक मात्र आपल्या सोसायटीच्या नोंदणीकृत प्रतीतून पाहून घालावा, कारण वेगवेगळ्या वर्षांच्या उपविधी वापरात आहेत आणि चुकीचा क्रमांक घातला की वाद सामानावरून कलमावर जातो. दंडाचं वाक्य पत्रात एकच ठेवलं, तेही शेवटी. सुरुवातीला दंड वाचला की पुढचं कोणी वाचत नाही.

पत्र असं झालं:

‘सर्व सभासद आणि भाडेकरू, सप्रेम नमस्कार.

आपल्या जिन्याची आणि लॉबीची कमिटीने मोजणी केली. चार फुटांचा पॅसेज काही मजल्यांवर दोन फुटांचा राहिला आहे. त्यातून स्ट्रेचर वळत नाही आणि दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. सोसायटीचं गच्चीच्या दाराशी असलेलं सामान हलवलं आहे. ज्येष्ठांसाठी मधल्या चौकात घडीची बैठक बसवत आहोत.

१. मीटरजवळ काहीही ठेवू नये, वाहनाची बॅटरी चार्ज करू नये. हे सामान उद्या संध्याकाळपर्यंत हलवावं.

२. चपलांचे स्टँड, कपाटं, कुंड्या, खोके, जुनं फर्निचर रविवार, १२ ऑक्टोबरपर्यंत घरात घ्यावं किंवा बाहेर काढावं. रोजच्या वापराच्या चपला दाराजवळ भिंतीला लागून ठेवता येतील, स्टँड नाही.

३. सायकलींसाठी कंपाउंडमध्ये मागच्या बाजूला जागा आखली आहे. साखळी लावण्यासाठी लोखंडी पाइप बसवला आहे. कुंड्या गच्चीच्या कठड्याच्या आत ठेवता येतील.

४. त्याच रविवारी सकाळी दहा वाजता भंगारवाला गेटवर येईल. जड सामान उतरवायला दोन मजूर असतील. त्यांचा खर्च सोसायटी करेल.

५. दार, उंबरठा, तोरण, रांगोळी याबद्दल कोणतीही सूचना नाही.

ज्या वस्तूचा मालक सापडत नाही तिच्यावर चिठ्ठी लावली आहे. आपली असल्यास कळवावं. मुदतीनंतर जागा अडलेली राहिल्यास कमिटी संबंधितांना स्वतंत्र लेखी नोटीस देईल आणि त्यांचं म्हणणं ऐकून उपविधीप्रमाणे निर्णय घेईल.

आपला, सेक्रेटरी.’

यातल्या प्रत्येक कलमामागे एक वस्तू आहे आणि तिची नवी जागा आहे. दोन मुदती आहेत कारण दोन धोके वेगळे आहेत: मीटरजवळची गादी दिवाळीच्या साफसफाईपर्यंत थांबू शकत नाही, चपलांचा स्टँड थांबू शकतो. बाकीच्यासाठी दिवाळीआधीचा रविवार निवडला, कारण तेव्हा घरोघरी आवराआवर चालूच असते. पावसाळ्यात हेच पत्र दिलं असतं तर ओल्या छत्र्या आणि चपला घरात घ्या असं सांगावं लागलं असतं. पाचवं कलम एका काकूंच्या शंकेमुळे आलं. मागच्या पत्रानंतर रांगोळीही चालणार नाही असा समज पसरला होता आणि त्या रागात बाकीचं पत्रही नाकारलं गेलं.

नोटीस बोर्डावर लावलेलं पत्र भाडेकरू वाचतात, घरमालक वाचत नाही. तो दुसऱ्या गावी राहतो. म्हणून घरोघरी प्रत दिली, पोच घेतली, आणि बाहेर राहणाऱ्या मालकांना पोस्टाने पाठवली.

त्या रविवारी बरंच सामान उतरलं. राहिलं ते दोन प्रकारचं. पहिला प्रकार बेवारस वस्तूंचा: तिसऱ्या मजल्यावरची गंजलेली सायकल, जिन्याखालचं लोखंडी कपाट. या वस्तू परस्पर विकणं किंवा फेकणं चूक आहे, कारण मालक उद्या उभा राहू शकतो आणि ती त्याची मालमत्ता असते. आम्ही फोटो काढले, दोन सभासदांच्या सह्यांनी यादी केली, वस्तू कंपाउंडमधल्या शेडमध्ये ठेवल्या आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर त्यांच्या विल्हेवाटीचा विषय घेतला. कपाटाचा मालक यादी लागल्यावर सापडला, तीन वर्षांपूर्वी घर विकून गेलेला.

दुसरा प्रकार घरातच जागा नसल्याचा. एका खोलीच्या घरात चार माणसं, आणि चपलांचा स्टँड आत घेतला तर दार पूर्ण उघडत नाही. इथे नोटीस देऊन काही होणार नव्हतं. मी आणि चेअरमन त्यांच्या घरी गेलो, दारामागची भिंत मोजली. पंजाएवढ्या खोलीचा, भिंतीवर उभा बसणारा स्टँड तिथे मावला. खर्च त्यांनीच केला. स्वतंत्र नोटीस अखेर एकाच घराला गेली आणि त्यांनी म्हणणं मांडायला आलेल्या दिवशीच सामान काढलं.

जिना मोकळा राहतो तो पत्राने नव्हे, पत्रानंतरच्या फेरीने. आता दर तीन महिन्यांनी कमिटीचा एक सदस्य मोजपट्टी घेऊन वरून खाली येतो आणि प्रत्येक मजल्याची मोकळी रुंदी इंचांत वहीत लिहितो. भाड्याने घर देताना मालक सोसायटीकडे कागद जमा करतो, त्याच वेळी भाडेकरूला या पत्राची प्रत दिली जाते, म्हणजे त्याचं सामान ट्रकमधून उतरण्याआधी त्याला नियम माहीत असतो. नवी कमिटी आली की चाव्यांबरोबर ही वहीही तिच्या हाती जाईल. एखाद्या मजल्यावरचा आकडा ४८ वरून ४० वर आलेला दिसला, की तेव्हाच त्या दाराची घंटा वाजवायची. आठ इंच बोलून परत मिळतात. दोन फूट गेल्यावर ठराव, नोटीस आणि सुनावणी लागते.