धक्का लागला, खूण मात्र नाही

26 डिसेंबर 2005 रोजी अमेरिकेतल्या सिॲटलहून अलास्का एअरलाइन्सचे एमडी-83 जातीचे विमान कॅलिफोर्नियातल्या बरबँककडे निघाले. सुमारे 26 हजार फुटांवर असताना केबिनमधला हवेचा दाब एकाएकी गेला आणि ऑक्सिजनचे मास्क खाली लोंबू लागले. वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणले आणि सिॲटलला परत नेऊन सुखरूप उतरवले. उजव्या बाजूच्या पत्र्याला सुमारे एक फूट लांब आणि अर्धा फूट रुंद भोक पडले होते. उड्डाणापूर्वी जमिनीवर सामानाच्या कामातल्या वाहनाचा विमानाला धक्का लागला होता आणि तो कोणालाही कळवला गेला नव्हता, हे चौकशीत उघड झाले. धक्क्याने पत्रा दुमडला होता. विमान वर गेले, आतला दाब वाढला आणि नेमका तिथेच पत्रा फाटला.

ते विमान ॲल्युमिनियमचे होते. दुमडलेला पत्रा बाहेरून दिसण्याजोगा होता, म्हणजे कोणी नीट पाहिले असते तर विमान जमिनीवरच थांबले असते. आज लांब पल्ल्याच्या मार्गांवर धावणाऱ्या बोइंग 787 आणि एअरबस ए-350 या विमानांचे अंग मात्र मुख्यतः कार्बन फायबरच्या कंपोझिटचे आहे. अशा अंगाला वाहनाचा धक्का लागला, तर बाहेर काहीच न दिसता आत मोडतोड झालेली असू शकते. हा फरक का पडतो आणि त्यावर अभियंत्यांनी काय उपाय योजले आहेत, हे समजून घेण्यासारखे आहे.

कंपोझिट म्हणजे कार्बनचे अतिशय बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणारी इपॉक्सी राळ. राळेत भिजवलेल्या धाग्यांच्या पट्ट्या साच्यावर एकावर एक अंथरतात. प्रत्येक थर मिलिमीटरच्या साधारण पाचव्या भागाइतका जाड असतो. धाग्यांची ताकद त्यांच्या लांबीच्या दिशेनेच असल्याने काही थर सरळ, काही आडवे आणि काही तिरपे घालतात. मग तो सगळा भाग ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबाच्या भट्टीत सुमारे 180 अंश सेल्सियसला भाजून पक्का करतात. ड्रीमलाइनर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 787 च्या धडाचे संपूर्ण गोल भाग असे अखंड बनतात. त्यामुळे पत्र्याला पत्रा जोडणारे हजारो रिव्हेट वाचतात. या विमानाच्या रचनेत वजनाच्या हिशेबाने 50 टक्के कंपोझिट आणि 20 टक्के ॲल्युमिनियम आहे.

वजनाचा फायदा सरळ आहे. विमानाला लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे एक घन सेंटिमीटर सुमारे 2.8 ग्रॅम भरते, तर कार्बन कंपोझिटचे सुमारे 1.6 ग्रॅम. धाग्याच्या दिशेने ओढले तर हे हलके द्रव्य धातूपेक्षा कितीतरी बळकट असते. ते गंजत नाही, आणि दाब वारंवार चढ-उतार होऊन धातूला जो थकवा येतो, त्याचाही त्याला फारसा त्रास नाही. म्हणूनच 787 च्या केबिनमध्ये 6 हजार फूट उंचीवर असतो तितका, म्हणजे जुन्या विमानांपेक्षा जास्त, दाब ठेवणे परवडते आणि प्रवाशांना शीण कमी होतो.

या आकड्यांवरून विमानाचा सांगाडा निम्म्या वजनात व्हायला हवा असे वाटेल. बोइंगच्या सांगण्यानुसार प्रत्यक्षातली बचत सरासरी 20 टक्के आहे. बाकीची बचत जाते कुठे? थोडी आडव्या-तिरप्या थरांत जाते, थोडी विजेच्या आघातापासून वाचवणाऱ्या धातूच्या जाळीत. कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियम गंजते, म्हणून अनेक ठिकाणी महागडे टायटॅनियम वापरावे लागते. पण बचतीचा एक मोठा वाटा न दिसणाऱ्या इजेसाठी राखून ठेवावा लागतो. आत आधीपासून थोडी इजा आहे आणि ती कोणाला कधीच सापडणार नाही, असे धरूनच कंपोझिटच्या भागाची जाडी ठरवतात.

ही सावधगिरी का बाळगावी लागते, याचे उत्तर दोन्ही द्रव्यांच्या स्वभावात आहे. ॲल्युमिनियमवर आघात झाला की धातू वाकतो आणि वाकलेलाच राहतो. आघाताची ऊर्जा त्या वाकण्यात खर्च होते आणि पोचा ही तिची नोंद असते. कार्बन कंपोझिट असे कायमचे वाकत नाही. ते दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते, किंवा तुटते. बोथट वस्तूचा धक्का बसला की वरचा पृष्ठभाग आत जाऊन परत येतो. तेवढ्यात आतल्या राळेला चिरा पडतात आणि थर एकमेकांपासून सुटतात. याला डेलॅमिनेशन म्हणतात. ही इजा आत जाताना पसरत जाते. त्यामुळे वर जेमतेम ठिपका दिसत असला, तरी त्याच्या मागच्या बाजूला त्याहून कितीतरी मोठा भाग मोकळा झालेला असू शकतो.

सुटलेल्या थरांची परीक्षा दाबाखाली होते. एकत्र बांधलेले थर दाब सहज पेलतात, पण वेगळा झालेला पातळ थर त्याच दाबाने बाहेर फुगून मोडतो. विमानाच्या पंखाची वरची बाजू उड्डाणात सतत दाबली जात असते. आघातानंतर दाबाची ताकद किती उरली, हे मोजणारी चाचणी याच कारणासाठी प्रमाण मानली जाते. बाहेरून जवळजवळ धड दिसणाऱ्या तुकड्याची ही ताकद निम्म्यावर आलेली आढळते.

जाड धडाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कंपोझिटच्या मोठ्या भागांवर जमिनीवरच्या वाहनांचे रबरी बंपर दाबून पाहिले गेले. रबर मऊ असल्याने धक्का मोठ्या क्षेत्रावर पसरला. बाहेरच्या कवचावर जवळजवळ काहीच खूण राहिली नाही, पण आतल्या फ्रेमला तडे गेले आणि फ्रेम कवचाला धरून ठेवणारे जोड तुटले. विमानतळावर बेल्ट लोडर, शिडीगाडी आणि खानपानाची गाडी दिवसभर विमानाला भिडत असतात आणि त्यांच्या कडेला रबरच लावलेले असते.

मग इजा शोधायची कशी? सगळ्यात जुनी पद्धत टॅप टेस्ट. माठ घेताना आपण तो टिचकी मारून पाहतो, तसाच छोट्या हातोडीने भाग ठोकून आवाज ऐकतात. धड भाग खणखणतो, थर सुटलेला भाग बद्द आवाज देतो. पातळ कवच आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेल्या भागांना ही पद्धत चालते. जाड कवचात खोलवर सुटलेला थर मात्र आवाजावरून कळत नाही. तिथे अल्ट्रासाउंड लागते. ध्वनीची लहर कवचात शिरते, पलीकडच्या पृष्ठभागावरून परत येते आणि तिला लागलेल्या वेळेवरून जाडी कळते. मध्ये थर सुटला असेल तर लहर तिथूनच लवकर परतते. 787 साठी तर हातात मावणारे छोटे उपकरण तयार झाले. तंत्रज्ञ ते आधी शेजारच्या धड जागेवर लावतो, मग संशयित जागेवर, आणि पडद्यावर ‘गुड’ की ‘बॅड’ एवढेच उत्तर मिळते.

या उपकरणाच्याही मर्यादा आहेत. ते टेकवले त्याच जागेचे कवच तपासते. मागची फ्रेम मोडली आहे का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी आतले अस्तर उघडून बघावे लागते. दोन भाग एकमेकांना टेकलेले आहेत पण चिकटलेले नाहीत, अशा जोडातूनही लहर पार जाते आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तपासायचे कुठे, हे आधी कोणीतरी सांगावे लागते. एवढ्या मोठ्या विमानाचा इंच न् इंच रोज तपासणे शक्य नाही.

6 मार्च 2005 रोजी एअर ट्रान्सॅटचे एअरबस ए-310 क्यूबातल्या वाराडेरोहून कॅनडातल्या क्युबेक शहराकडे निघाले होते. 35 हजार फुटांवर मोठा आवाज झाला आणि विमान डोलू लागले. वैमानिक ते वाराडेरोला परत घेऊन आले. उतरल्यावर दिसले की शेपटीवरचे रडर जवळजवळ पूर्ण गळून पडले होते. हे रडर कंपोझिटचे होते, पातळ कवच आणि आत जाळी असे. कॅनडाच्या चौकशी मंडळाने निष्कर्ष काढला की निर्मात्याने ठरवून दिलेली तपासणी रडरमधले सगळे दोष पकडण्यास पुरेशी नव्हती, आणि कवच जाळीपासून सुटण्यासारखी इजा आधीच्या अनेक उड्डाणांपासून आत असू शकते.

ॲल्युमिनियम निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही. 1988 मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या 737 चे छत उडाले, तेव्हा रिव्हेटच्या भोकांपासून निघालेल्या बारीक तड्यांनी घात केला होता. पण धातूतला तडा उड्डाणागणिक हळूहळू वाढतो आणि त्याचा वेग गणिताने काढता येतो. तो धोकादायक होण्याआधी किमान दोनदा तरी सापडेल, अशा बेताने तपासणीचे वेळापत्रक आखता येते. कंपोझिटमधली आघाताची इजा अशी ठरल्या वेगाने वाढत नाही. ती एका धक्क्यात होते, कुठल्याही दिवशी होते, आणि वेळापत्रकाला तिचा पत्ता नसतो.

म्हणून नियमांची मांडणीही वेगळी आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 2009 साली कंपोझिटच्या इजेचे पाच प्रकार ठरवले. पहिल्या प्रकारात सुमारे पाच फुटांवरून पाहिल्यास चुकू शकेल अशी बारीक इजा येते. विमान सेवेत असेपर्यंत ती सापडली नाही तरी त्या भागाने अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार पेलायलाच हवा. मोठ्या पण दिसणाऱ्या इजा पुढच्या प्रकारांत येतात. वाहनाच्या जबर धडकेसारखी इजा पाचव्या प्रकारात मोडते. ती रचनेच्या हिशेबातच धरलेली नाही आणि तिच्यावर उपाय एकच, घडताक्षणी कळवणे.

आपल्याकडे एअर इंडिया 2012 पासून ड्रीमलाइनर उडवते. या विमानाच्या प्रवासी मजल्याखालच्या कंपोझिट तुळया टाटा समूहाच्या नागपूरच्या कारखान्यात तयार झाल्या आहेत आणि नागपूरच्याच मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे. यंत्रे आणि कुशल हात आपल्याजवळ आहेत. पण त्यांना कामाला लावणारी पहिली माहिती विमानतळावरच्या गाडीच्या चालकाकडून यावी लागते. धक्का कळवला म्हणून त्याची नोकरी जाणार असेल, तर तो गप्प बसेल. तेव्हा कळवणाऱ्याला शिक्षा नाही आणि लपवणाऱ्याला माफी नाही, असा नियम प्रत्येक विमान कंपनीने आणि ग्राउंड हँडलिंगच्या प्रत्येक ठेकेदाराने लेखी करावा आणि पाळावा. आणि गाडीचा धक्का लागल्यामुळे तपासणी चालू आहे, विमानाला दोन तास उशीर होईल, अशी घोषणा ऐकू आली, तर प्रवाशांनी काउंटरवर भांडू नये. बाहेरून काही दिसत नसतानाही कोणीतरी खरे सांगितले, म्हणूनच ती तपासणी होत असते.