सागाच्या ओंडक्याच्या फोटोवरून वय आणि दुष्काळ कसे वाचावेत?

झाड तोडले की आतली वलये मोजावीत आणि झाडाचे वय सांगावे, एवढे आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले असते. प्रत्यक्षात मोजायला बसले म्हणजे कळते की हे काम वाटते तितके सरळ नाही. आमच्या गारखेड्यातील एका घरी या वलयांवर चार भावांच्या वाटणीचा प्रश्न अडला होता, म्हणून आम्ही या विषयात थोडे खोलात शिरलो.

या मंडळींची कन्नड तालुक्यात थोडी शेती आहे. मे २०२४ च्या वळवाच्या वाऱ्यात बांधावरचा साग पडला. थोरले बंधू म्हणत, "१९८१ साली वाटण्या झाल्या, त्यानंतर हे झाड मी लावले." म्हातारी आई म्हणे, "तुमच्या बापाने बहात्तरच्या दुष्काळानंतर लावले." बापाने लावले असेल तर लाकडाचे पैसे चौघांचे. थोरल्याने लावले असेल तर त्याचे एकट्याचे. दोघेही खोटे बोलणारे नव्हेत. गुडघ्याएवढ्या उंचीवर कापलेल्या चकतीचा फोटो पुतण्याने मोबाइलवर पाठवला, आणि आम्ही सर्व मिळून तो वाचायला बसलो.

साग होता हे नशीबच म्हणायचे. उन्हाळ्यात साग पाने गाळतो आणि त्याची वाढ थांबते. पावसाळा लागला की नवीन लाकूड धरू लागतो. त्या वेळी मोठमोठी छिद्रे एका रांगेत पडतात, पुढे छिद्रे बारीक आणि लाकूड घट्ट होत जाते. पुढच्या जूनला पुन्हा मोठ्या छिद्रांची रांग. म्हणून सागाचे वलय ठसठशीत दिसते. आमच्या भागातील रस्त्याकडेच्या लिंबाचे तसे नाही. विहारापुढच्या पिंपळाचे वय किती, असे पुष्कळ लोक विचारतात, पण पिंपळाची वलये इतकी अस्पष्ट असतात की त्यांच्यावरून वय सांगता येत नाही.

पहिला फोटो निरुपयोगी ठरला. करवतीचे ओरखडे वलयांवर आडवे गेले होते. मग पुतण्याने सुताराकडून पॉलिश पेपर आणला. आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २४० आणि शेवटी ४०० नंबरचा घासला. भुसा झटकून, बाजूने तिरपा उजेड पडेल अशी चकती ठेवली, शेजारी शाळेची पट्टी ठेवली आणि मोबाइल बरोबर वरून सरळ धरला. तिरपा फोटो घेतला तर एका बाजूची वलये उगीच अरुंद दिसतात. शिवाय ४० सेंटिमीटरची चकती एकाच फोटोत घेतली आणि फोटोची रुंदी ४००० ठिपके असली, तर एका मिलिमीटरला दहाच ठिपके येतात. अर्ध्या मिलिमीटरचे वलय पाच ठिपक्यांत ओळखणे कठीण. म्हणून सालीपासून गाभ्यापर्यंतच्या पट्ट्याचे तुकड्या-तुकड्याने फोटो घ्यावेत, ते एकमेकांवर थोडे चढतील असे.

मोजणी गाभ्याकडून नको, सालीकडून करावी. कारण बाहेरच्या वलयाचे साल आपल्याला ठाऊक असते. झाड मे महिन्यात पडले, नवी पालवी यायच्या आधी. म्हणजे सालीला लागून असलेले शेवटचे वलय २०२३ च्या पावसाळ्याचे. पावसाळा संपल्यावर पडले असते तर तेच २०२४ चे ठरले असते. दर दहाव्या वलयावर पेन्सिलीने ठिपका द्यावा. रक्तसाराचा गडद रंग जिथे संपतो ती रेघ वलय समजू नये, आणि भेगेवरून मोजू नये.

आम्ही दोन वेगवेगळ्या रेषांवर मोजले. एका रेषेवर ४९ वलये भरली, दुसरीवर ५०. आता खरे कोणते?

इथे दुष्काळ कामाला आला. मराठवाड्यातल्या माणसाला सालांची यादी पाठ असते. २०१२ कोरडे. २०१४ आणि २०१५ लागोपाठ कोरडी, त्यापुढच्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१६ ला पाऊस बरा झाला. २०१८ पुन्हा कोरडे. ही यादी सालीकडून मोजली तर सहावे वलय अरुंद, आठवे रुंद, नववे व दहावे अरुंद, बारावे अरुंद, असे यायला हवे. ४९ च्या रेषेवर अगदी तसेच आले. ५० च्या रेषेवर मात्र सहावे, नववे आणि बारावे या तिन्ही जागा चुकत होत्या. तिथे अरुंद वलये सातवी, दहावी, अकरावी आणि तेरावी आली, म्हणजे सगळी एक घर सरकलेली. सरकली ती पाचव्या वलयापासून, आणि पाचवे म्हणजे २०१९. त्या साली पावसाने ऑगस्टपर्यंत ओढ दिली, कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून विमान उडवावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये मात्र तो बेफाम पडला. झाडाची वाढ मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली की एका सालात दोन वलयांसारखे दिसते. हे फसवे वलय ओळखायची खूण अशी की त्याची कड पुसट असते आणि बोटाने माग काढत गेल्यास ते पूर्ण फेरा न मारता मध्येच विरून जाते. आमचेही तसेच विरले.

वलय अरुंद आहे की रुंद, हे शेजाऱ्यांशी ताडून पाहावे लागते. तरुण साग गाभ्याजवळ पाच-सहा मिलिमीटरची वलये सहज धरतो आणि म्हातारपणी तीनही धरत नाही. म्हणून १९७८ चे वलय २०१५ च्या वलयाशी लावून काही सांगता येत नाही. २०१५ चे आमचे वलय पट्टीवर सुमारे दीड मिलिमीटर भरले, आजूबाजूची पाच-पाच वलये सरासरी तीन. निम्मे. त्याला कोरडे म्हणावे.

पण अरुंद वलय म्हणजे दुष्काळच, असेही नव्हे. अळीने पाने खाल्ली, फांद्या छाटल्या तरी वाढ खुंटते. शेजारचे मोठे झाड तोडले तर उन्हामुळे पुढची वलये रुंद होतात, पाऊस असो वा नसो. एका झाडावरून पावसाचा निर्वाळा देऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील पंत व बोरगावकर या शास्त्रज्ञांनी १९८३ साली ठाणे भागातील सागाच्या वलयांचा हवामानाशी संबंध तपासला. याच संस्थेच्या बोरगावकर व सहकाऱ्यांनी २०१० साली केरळातील सागांवरून ५२३ वर्षांची वलय-मालिका प्रसिद्ध केली, तीत मोसमी पावसाच्या दुष्काळाच्या खुणा सापडल्या. अशा कामात अनेक झाडांची वलये एकमेकांशी जुळवतात, तेव्हा एका झाडाची आजारपणे गळून जातात आणि सर्वांवर आलेला दुष्काळ शिल्लक राहतो.

आता वाटणीकडे. ४९ वलये, बाहेरचे २०२३ चे, तर गाभ्याजवळचे १९७५ चे. चकती गुडघ्याएवढ्या उंचीची, तिथवर वाढायला रोपाला एक-दोन वर्षे. म्हणजे लागण १९७३-७४ ची. बहात्तरचा दुष्काळ या झाडाने पाहिला नाही, पण त्यानंतरचा पहिला-दुसरा पावसाळा पाहिला. मोजणीत दोन-तीन वलयांची चूक धरली, तरी १९८१ पर्यंत ती पोहोचत नाही. थोरल्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मी लावलेली ओळ नाल्याकडची असावी. बांधावरचे आबांचेच." नाल्याकडचे दोन साग अजून उभे आहेत. त्यांची वलये मोजायला कोणी करवत लावायची गरज नाही, असे आईने तिथल्या तिथे सांगून टाकले.