एका अक्षराचा टोनर

‘एचपी 1005 चा टोनर आहे का?’ असे गिऱ्हाईक विचारते तेव्हा जाणता दुकानदार लगेच हो म्हणत नाही. तो आधी विचारतो, ‘आकड्याच्या आधी कोणतं अक्षर आहे?’ प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण एचपीच्या लेझरजेट मालिकेत 1005 आकड्याचे वेगवेगळे प्रिंटर आहेत. नुसत्या 1005 ला 15A हे कार्ट्रिज लागते, P1005 ला 35A, आणि आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, छोट्या कचेऱ्यांत हमखास दिसणाऱ्या M1005 ला 12A. तिन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. तेव्हा ऑनलाइन विक्रीच्या पानावर कोणी मोघमपणे ‘1005 साठी’ एवढेच लिहिले, तर त्यातला काही माल परत येणार हे नक्की.

म्हणून चांगल्या वर्णनात कार्ट्रिजचा क्रमांक आधी येतो आणि प्रिंटरांची नावे मागाहून, अक्षरासकट: ‘12A (Q2612A), लेझरजेट 1010, 1012, 1015, 1018, 1020, 1022 आणि M1005 साठी’. ‘सर्व एचपी लेझर प्रिंटरांना चालते’ हे वाक्य दिसले की पुढे वाचायचीही गरज नाही.

मग येतो पानांचा आकडा. 12A च्या खोक्यावर २००० पाने असतात, आणि ‘माझी तर बाराशेतच संपली’ ही तक्रार दुकानदाराला नेहमीची. इथे बहुधा कोणी खोटे बोललेले नसते. काळ्या टोनरची पाने ISO/IEC 19752 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजतात. ठरावीक मजकुराचे एकच पान छापत राहायचे, तेही एका नव्हे तर किमान नऊ कार्ट्रिजांवर, आणि सरासरी काढायची. त्या पानाचा साधारण ५ टक्केच भाग काळा होतो. म्हणजे मोकळ्या ओळींचे साधे पत्र. आता एखादा क्लासवाला रोज चौकटी, ठळक मथळे आणि आकृत्या असलेल्या प्रश्नपत्रिका काढतो असे धरा. त्याच्या पानावर १० टक्के काळे उमटत असेल, तर तेवढ्याच पावडरीत पाने निघणार हजाराच्या आसपास. आकड्याशेजारी ‘५ टक्के छपाई धरून, ए-फोर’ एवढे लिहिले तरी निम्मी भांडणे मिटतात.

रिफिल केलेल्या कार्ट्रिजवर हाच २००० चा आकडा जसाच्या तसा उतरवतात, ते मात्र खटकते. तो आकडा कंपनीच्या नव्या कार्ट्रिजचा. रिफिलमध्ये पावडर किती भरली, आधीची वाया गेलेली पावडर कप्प्यातून काढली की नाही, ड्रम आणि ब्लेड बदलले की जुनेच ठेवले, यावर पाने ठरतात. विक्रेत्याने स्वतः मोजली असतील तर तसे लिहावे. नसतील तर ‘अंदाजे’ म्हणण्यात कमीपणा कसला?

खरी कसोटी ‘ओरिजिनल’ या शब्दाची. ‘ओरिजिनल एचपी कार्ट्रिज, रिफिल्ड’ हे वाक्य बघा. सांगाडा कंपनीचाच असल्याने ते शब्दशः खोटे नाही, पण घाईत वाचणाऱ्याला पहिलाच शब्द दिसतो. ‘ओरिजिनल क्वालिटी’ हा त्याचाच चुलतभाऊ. कंपनीने बनवून सीलबंद विकलेले ते ओरिजिनल. दुसऱ्या कंपनीने नवेच बनवलेले ते कम्पॅटिबल. वापरलेल्या कार्ट्रिजमध्ये पावडर भरली की रिफिल. आणि ते उघडून झिजलेले भाग बदलले की रीमॅन्युफॅक्चर्ड. 12A मध्ये चिप नसते. त्यामुळे आत काय बसवले आहे हे प्रिंटर ओळखू शकत नाही. गिऱ्हाइकाला आधार उरतो तो विक्रेत्याच्या शब्दांचाच.

दुसऱ्याच्या मालाच्या वर्णनात एचपीचे नाव घ्यायला बंदी नाही. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या ३०व्या कलमात, सुटा भाग कोणत्या वस्तूसाठी आहे हे सांगण्यापुरते नाव वापरायची मुभा आहे, फसवण्याचा हेतू नसावा एवढेच. म्हणून ‘एचपी लेझरजेट 1020 साठी कम्पॅटिबल टोनर’ चालते, त्याच मालाला ‘एचपी टोनर’ म्हणणे चालत नाही. रिफिलसाठी सरळ मजकूर असा होईल: ‘12A कार्ट्रिज, रिफिल केलेले. ड्रम नवा, सांगाडा वापरलेला. एचपीने भरलेले किंवा तपासलेले नाही.’ एवढे स्पष्ट लिहिणाऱ्याचा माल थोडा महाग असला तरी तोच घ्यावा.

माल हातात आल्यावर तपासायचा तो असा. दहा-पंधरा पाने छापावीत आणि एकच ठिपका पानावर वरून खाली पुन्हा पुन्हा उमटतो का ते पाहावे. उमटत असेल तर दोन ठिपक्यांमधले अंतर पट्टीने मोजावे. या कार्ट्रिजचा ड्रम सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा एक फेरा साधारण ७५ मिलिमीटरचा. ठिपके तेवढ्याच अंतरावर असतील तर ड्रमवर ओरखडा आहे, आणि ‘ड्रम नवा’ असे लिहून तो विकला असेल तर परत करायला ते छापील पान पुरेसा पुरावा आहे. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र पैसे भरतानाच काढून ठेवावा, कारण नंतर तिथला मजकूर बदललेला असू शकतो.